टाकी गरम, नळ गार

वृद्धाश्रमात तिला सगळे मावशी म्हणत. ऐंशीच्या आज्याही म्हणत आणि तिच्याहून वीस वर्षांनी लहान असलेली नर्सही म्हणे. वय शेहेचाळीस, अंगकाठी रुंद, बाह्या कायम कोपराच्या वर. सकाळी सहा ते दहा या चार तासांत चौदा म्हाताऱ्या माणसांना अंघोळ घालणं हे तिचं काम. उरलेला दिवस चादरी, औषधं, नखं, केस. पण ती स्वतः विचारलं तर एवढंच सांगायची, "मी अंघोळी घालते."

हे काम ती शिकली सासऱ्यांपाशी. सहा वर्षं ते अंथरुणावर होते. आडव्या माणसाला न घाबरवता कूस कशी वळवायची, पाणी आधी पायावर घालून मग वर कसं यायचं, हे तिला कुणी शिकवलं नाही. रोज चुकत चुकत कळत गेलं. सासरे गेले तेव्हा शेजारच्या नर्सबाईंनी तिला इथे आणलं. त्याला आता अकरा वर्षं झाली. नवरा ट्रकवर असतो, महिन्यातून चार-सहा दिवस घरी. मुलगी कॉलेजात. सातवीपर्यंत शिकलेली ही बाई कुठल्याही माणसाला उचलून खुर्चीत बसवायची, आणि बसवताना त्याला आपण ओझं आहोत असं वाटू द्यायची नाही. त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

त्या वर्षी थंडी सुरू झाली आणि नळाला गरम पाणी येईना.

गच्चीवर सोलर होता. चार मोठी पॅनेलं, त्यांच्या वरच्या अंगाला लोखंडी चौकटीवर आडवी ठेवलेली पाचशे लिटरची टाकी, आणि त्याहून उंचावर थंड पाण्याची काळी टाकी. नऊ वर्षं त्या सोलरने कधी कुरकुर केली नव्हती. आता आकाश निरभ्र, दुपारी गच्चीवर अनवाणी पाय ठेवता येऊ नये इतकं ऊन, आणि सकाळी नळ सोडला की बोटं आखडतील असं पाणी. ढगाळ दिवसात गार आलं असतं तर कुणी काही बोललं नसतं. ऊन असताना गार येतंय हेच कुणाच्या पचनी पडेना.

मग स्वयंपाकघरातून पातेली तापवून आणणं सुरू झालं. चौदा अंघोळींना चौदा खेपा, त्यातल्या आठ जिन्यावरून. तिसऱ्याच आठवड्यात पातेलं कलंडलं आणि मावशीच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत फोड आले. तिने पट्टी बांधली आणि उरलेल्या पाच अंघोळी उरकल्या.

पहिल्या मजल्यावर एक टायपिस्ट आजी होत्या. सरकारी कचेरीत चाळीस वर्षं टाइप केलेल्या, कपड्याला सुरकुती खपत नसे अशा. एका सकाळी पातेलं यायला उशीर झाला, अंगावरचं पाणी थंड पडलं, आणि त्यांना अशी हुडहुडी भरली की दुपारपर्यंत दातावर दात ठरेना. त्या दिवसापासून त्यांनी अंघोळ सोडली. ओल्या फडक्याने पुसून घ्यायच्या, तेही अंगावरचं ब्लाउज न काढता. मावशीला वासावरून कळायचं. आजींनाही कळायचं, म्हणून त्या जेवायला सगळ्यांबरोबर बसेनाशा झाल्या.

व्यवस्थापक मॅडम वाईट नव्हत्या. दमलेल्या होत्या. त्यांनी सोलरवाल्याला दोनदा बोलावलं. तो आला, पॅनेलच्या काचेवर टिचकी मारली, सोलर जुना झालाय, सगळाच बदला म्हणाला, आणि चहा पिऊन गेला. गीझर लावावेत तर इमारतीची वायरिंग तेवढा भार घेणार नाही असं इलेक्ट्रिशियनने सांगितलं. शेवटी मॅडमनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की येत्या आठ दिवसांत समितीची बैठक आहे. तिथे सोलर काढून टाकायचं ठरेल, आणि नवी सोय होईपर्यंत अंघोळ आठवड्यातून एकदा. बाकी दिवस पुसून घ्यायचं.

मावशी मान खाली घालून ऐकत होती. सगळे पांगल्यावर ती थांबली.

"मॅडम, आठ दिवस मला द्या," ती म्हणाली. "मी शोधून काढते."

"काय शोधणार तुम्ही? तो कंपनीत शिकलेला माणूस आहे."

"त्याने काच वाजवली. पाइपाला हात कुठे लावला?"

मॅडमनी कपाळ चोळलं. तुमचं काम अंघोळी घालायचं आहे, गच्चीवरून पडलात तर मी कुणाला तोंड दाखवू, असं त्या म्हणाल्या. पण नाही असं म्हणाल्या नाहीत, आणि मावशीने तेवढंच लक्षात ठेवलं.

शोधायचं म्हणजे काय करायचं हे मात्र तिला माहीत नव्हतं. ते माहीत होतं तळमजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीतल्या काकांना. ते एका मोठ्या धुलाई कारखान्यात चौतीस वर्षं बॉयलरवर होते, म्हणून सगळे त्यांना बॉयलरकाका म्हणत. वय एकोणऐंशी. दोन्ही डोळ्यांनी उजेड-अंधार एवढंच कळे, आणि गुडघ्यांनी जिना कधीचाच बंद केलेला. जीभ मात्र शाबूत होती. स्वतःबद्दल म्हणायचे, "डोळे रिटायर झाले, कान अजून ड्युटीवर आहेत."

मावशीने त्यांचे पाय पुसता पुसता सगळं सांगितलं. काकांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"त्यात पंप आहे का? सोलरमध्ये?"

"नाही काका. नुसते पाइप."

"मग ते पाणी आपल्या पायांनी चालतं. पॅनेलात तापलं की हलकं होतं, वर टाकीत चढतं. टाकीतलं गार जड असतं, ते खालच्या पाइपाने पॅनेलात उतरतं. दिवसभर हीच फेरी. ती फेरी मोडली असेल तर ऊन कितीही पडो, टाकीला त्याचा पत्ता नाही." त्यांनी दुसरा पाय पुढे केला. "उद्या दुपारी वर जा. पॅनेलपासून टाकीपर्यंत हात लावत लावत जा. कुठे गरम, कुठे गार, एवढंच मला सांग. आणि हात उलटा लावायचा, पंजा धरायचा नाही. भाजलं तर हात आपोआप मागे येतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता मावशी गच्चीवर गेली. पावसाळ्याच्या आधी गळती थांबवायला गच्चीवर नवा थर दिला होता, त्या कामासाठी पॅनेलं आणि पाइप काढून पुन्हा बसवले होते, हे तिला आठवत होतं. पाइपांवरचं काळं फोमचं आवरण कामगारांनी फाडलं ते तसंच राहिलं होतं. तिच्या दृष्टीने बरंच झालं, पाइप उघडा होता.

खालचा पाइप गार. काकांनी सांगितलं होतं, तो गारच असायला हवा. पॅनेलच्या वरच्या कोपऱ्यातून निघणारा पाइप तिने बोटांच्या मागच्या बाजूने शिवला आणि हात झटकला. नुसती आग. ती पुढे सरकली. पाइप टाकीकडे चढत होता. मध्ये दोन विटा एकावर एक ठेवून त्याला टेकू दिला होता. त्या विटांपर्यंत चटका बसत होता. विटांच्या पलीकडे पाइप थोडा खाली वाकून मग टाकीत शिरत होता, आणि तिथे तिने अख्खा पंजा ठेवला तरी काही नाही. गार. टाकीच्या तोंडापर्यंत गार.

तिने खात्री करायला तीनदा हात लावला. मग जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरली.

काकांनी विटांचं ऐकलं आणि मांडीवर थाप मारली. "उंटाची पाठ केलीय लेकांनी. पाणी तापलं की त्यातली हवा सुटते. ती वर वर चढत टाकीत जाऊन तिथल्या उघड्या नळीवाटे निसटायला हवी. इथे तिला मध्येच उंचवटा मिळाला, पुढे उतार. हवा तिथेच बसली. पाण्याची वाट बंद. ऊन जितकं जास्त तितकी हवा जास्त, म्हणून तुझा नळ उन्हात गार."

"मग विटा काढल्या की झालं?"

"विटा काढून पाइप नीट बसवायचा. पॅनेल ते टाकी सगळा चढच चढ, कुठेही उतार नाही. आणि हे तू करायचं नाहीस, प्लंबर करेल. आतलं पाणी भाजतं."

तिच्या गल्लीच्या टोकाला एक प्लंबर राहायचा. माणूस कामाला चोख, पण तारीख देऊन न येण्यात पटाईत. मावशीने त्याच्या दारात जाऊन तारीख मागितलीच नाही. उद्या सकाळी सातला मी न्यायला येते म्हणाली, आणि आली. तो दात घासत होता. ती ओट्यावर बसून राहिली. त्याने तोंड धुतलं, पाने पिशवीत टाकले आणि मुकाट्याने मागे निघाला.

पॅनेलं तापू नयेत म्हणून मावशीने जुन्या चादरी वर नेऊन चारही काचांवर पसरल्या आणि कोपऱ्यांवर विटा ठेवल्या. प्लंबरने थंड पाण्याचा वॉल्व्ह बंद केला आणि उंचवट्याजवळचा जोड सैल केला. आधी नुसतीच हवा सुटली, लांबलचक सुस्कारा टाकावा तशी. मग खाकरल्यासारखं झालं, आणि मग पाणी आलं.

"अडली होती खरी," प्लंबर म्हणाला. आता त्यालाही रस वाटायला लागला होता. त्याने पाइपाचा तेवढा तुकडा कापून काढला, नवा लावला, दोरी धरून चढ तपासला, आणि टेकू असा दिला की पाइप पॅनेलपासून टाकीपर्यंत एकसारखा वर जाईल. पाणी भरलं, चादरी काढल्या. दहाचं ऊन होतं. अर्ध्या तासात टाकीच्या तोंडाशी पाइप कोमट झाला, तासाभरात हात ठेववेना. मावशी तोवर तिथेच बसून होती. त्या दिवशीच्या अंघोळी तिने नर्सला विनवून दुपारवर ढकलल्या होत्या.

संध्याकाळी टाकीजवळच्या गरम पाइपाला तिने उलटा हात लावला आणि तिला हसू आलं. खाली येऊन टायपिस्ट आजींना सांगितलं, उद्या सकाळी तयार राहा. आजी म्हणाल्या, बघू.

सकाळी सहाला तिने पहिल्या मजल्यावरचा गरम नळ सोडला. धो धो पाणी आलं. तिने बादली भरू दिली, दुसरी भरू दिली. पाणी गारच.

आजी टॉवेल घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी बादलीत बोट बुडवलं. टॉवेलची घडी पुन्हा नीट केली आणि खोलीत परत गेल्या.

बातमी नाश्त्यापर्यंत सगळीकडे पोचली. मॅडमनी ओरडा केला नाही, ते मावशीला जास्त लागलं. त्या एवढंच म्हणाल्या की प्रयत्न केलात हे खूप झालं, आता नाद सोडा. प्लंबरला फोन केला तर तो म्हणाला, वरचं काम मी चोख केलंय, पाहिजे तर टाकी बघा, आणि काखा वर केल्या.

मावशीने टाकी बघितली. त्याच सकाळी, साडेसातला, गच्चीवर दव असताना. टाकीतून बाहेर पडणाऱ्या गरम पाइपावर हात ठेववेना. म्हणजे प्लंबर खरं बोलत होता. टाकीत पाचशे लिटर कढत पाणी होतं आणि ते खाली उतरत नव्हतं. नळाला जे येत होतं ते दुसरंच कुठलं तरी पाणी होतं.

हा विचार डोक्यात आला तशी ती तिथेच पायरीवर बसली. रात्रभर झोप नव्हती, हाताचे फोड आता कुठे सुकत होते, आणि घरी जाऊन पडावं असं तिला मनापासून वाटलं. पाचच मिनिटं वाटलं. मग ती उठली आणि काकांच्या खोलीत गेली.

काका तिचीच वाट बघत होते. त्यांच्या पलंगाच्या भिंतीपलीकडे एक छोटा प्रेशर पंप होता. उन्हाळ्यात तळमजल्यावर चाकाच्या खुर्चीवाल्यांसाठी नवी न्हाणी बांधली, तेव्हा थंड पाण्याला जोर यावा म्हणून तो बसवला होता. नळ उघडला की आपोआप सुरू व्हायचा, बंद केला की थांबायचा.

"तू आज सहाला वर कुठला नळ सोडलास?" काकांनी विचारलं.

"गरम पाण्याचा."

"गार सोडला नाहीस?"

"नाही."

"मग माझ्या उशाशी पंप का घुरघुरला? तो गार पाण्याच्या लाइनीवर आहे. गरम नळाशी त्याचा संबंध काय?"

मावशीला एक गोष्ट आठवली. गेले काही महिने गरम नळांचा जोर वाढलाय म्हणून सगळे खूश होते. पूर्वी ते पाणी रेंगाळत यायचं. उन्हाळ्यात नळाचं पाणी मुळातच कोमट आणि पावसाळ्यात ढग, म्हणून ते गार आहे हे थंडीपर्यंत कुणाला खटकलं नव्हतं.

तिने हे सांगितल्यावर काका ताठ बसले. "कुठेतरी गार लाइन गरम लाइनीत घुसतेय. पंपाचा जोर टाकीच्या पाण्यापेक्षा जास्त. टाकीच्या तोंडाशी एकतर्फी वॉल्व्ह असतो, पाणी बाहेर सोडतो, उलटं आत येऊ देत नाही. खालून पंपाने रेटलं की त्याची झडप बंद. गरम पाणी आत कोंडलेलं, आणि तुमच्या नळाला पंपाचं गार." त्यांनी हवेत बोट नाचवलं. "आता नीट ऐक. वर जाऊन टाकीतून निघणाऱ्या गरम पाइपाचा वॉल्व्ह पूर्ण बंद कर. मग पहिल्या मजल्यावरचा गरम नळ सोड. टाकी बंद आहे म्हणजे पाइपातलं उरलंसुरलं संपून नळ कोरडा पडायला हवा. नाही पडला तर चोर घरातच आहे."

मावशीने वॉल्व्ह फिरवून बंद केला. नळ सोडला. मनात शंभरपर्यंत मोजलं, मग पुन्हा शंभर. पाणी तसंच धो धो येत होतं, आणि खालून पंपाची घुरघुर ऐकू येत होती. आता तिला नळावर राग येईना. इतके दिवस लपलेलं काहीतरी एकदाचं हाताला लागत होतं.

नळ तसाच सोडून ती खाली आली. पहिल्या मजल्यावर साधे वेगवेगळे नळ होते, गार आणि गरम कुठे एकत्र येतच नव्हते. एकत्र येत होते फक्त एकाच ठिकाणी, नव्या न्हाणीत. तिथे मिक्सर होता, डावीकडे गरम चावी, उजवीकडे गार, आणि दोन्हींचं पाणी एका लवचिक नळीतून हातातल्या फवाऱ्यात यायचं. फवाऱ्याला बटण होतं. दाबलं की पाणी, सोडलं की बंद.

दोन्ही चाव्या पूर्ण उघड्या होत्या. फवारा हुकाला लटकत होता, त्यातून एक थेंब पडत नव्हता.

मावशीने डावी चावी फिरवून बंद केली. भिंतीपलीकडचा पंप थांबला. वरून पाण्याचा आवाज बारीक झाला आणि मग ऐकू येईनासा झाला.

तिने उजवी चावीही बंद केली. त्या चाव्या कुणी उघड्या ठेवल्या होत्या हे तिला कुणाला विचारायची गरज नव्हती. त्या न्हाणीत अंघोळ तीच घालायची. एका हाताने माणूस सावरायचा, दुसऱ्या हातात फवारा. चाव्यांना तिसरा हात कुठून आणणार? बटण सोडलं की पाणी थांबायचं, म्हणून चाव्या बंद करायचं तिने कधीच सोडून दिलं होतं. गरम चावी तर पहिल्या दिवसापासून पूर्ण उघडी. तिथे कधी गरम आलंच नाही, आणि आज ना उद्या येईल या आशेवर तिने ती तशीच ठेवली होती. या महिनाभरात तिने वाहिलेली सगळी पातेली, टायपिस्ट आजींची हुडहुडी, सगळं तिच्याच हातून.

तिने काकांच्या खोलीत जाऊन चाव्यांचं सगळं सांगितलं.

"मीच केलं काका हे."

काकांनी तिला पलंगाच्या कडेवर बसायला सांगितलं. मग म्हणाले, "बॉयलरवर माझ्याकडूनही एकदा वॉल्व्ह उघडा राहिला होता. अख्खी पाळी घरी बसली. मी चूक लपवली, तीन दिवस लपवली, आणि ते तीन दिवस मला अजून बोचतात. तू तीन मिनिटं लपवली नाहीस. आता पुढचं बघ. त्या न्हाणीत गरम का येत नव्हतं? चावी उघडी असताना गार तिकडून इकडे जाऊ शकतं, मग गरम इकडून तिकडे का नाही?"

हा प्रश्न घेऊन ती पुन्हा प्लंबरच्या दारात गेली. या वेळी तो दाढी करत होता. त्याने आरशातूनच तिला पाहिलं आणि म्हणाला, "चला, माहीत आहे, तुम्ही काही हलणार नाही."

मिक्सरच्या मागची फरशीची झाकणी काढल्यावर गरम पाण्याच्या पाइपावर पितळी एकतर्फी वॉल्व्ह दिसला. प्लंबरने टॉर्च मारला, फडक्याने वॉल्व्हचं अंग पुसलं आणि मावशीला वाकून बघायला सांगितलं. पितळेवर बाण कोरलेला होता. पाणी ज्या दिशेने जायला हवं ती दिशा दाखवणारा बाण. तो मिक्सरकडे असायला हवा होता, आणि रोखलेला होता भिंतीकडे, गरम लाइनीकडे.

"उलटा बसवलाय," प्लंबर म्हणाला. "गरमला मिक्सरमध्ये यायला मनाई, आणि गारला गरम लाइनीत जायला मोकळं रान. ज्याने बसवला त्याने बाण बघितलाच नाही."

त्याने वॉल्व्ह काढला. आतल्या झडपेवर क्षाराचा पांढरा थर चढू लागला होता. तो जुना फेकून नवा लावला, आणि लावण्याआधी बाण मावशीला दाखवला, जणू तीच साहेब. मग म्हणाला, असाच एक गार पाण्याच्या पाइपावरही टाकतो, म्हणजे पुढे चाव्या राहिल्या उघड्या तरी एका घरचं पाणी दुसऱ्या घरात जाणार नाही. मावशी म्हणाली टाका, पण चाव्या आता उघड्या राहणार नाहीत.

वर जाऊन तिने टाकीचा वॉल्व्ह उघडला. खाली न्हाणीत प्लंबरने गरम चावी सोडली. आधी गार आलं, पाइपातलं शिळं. मग कोमट. मग प्लंबरने हात मागे घेतला आणि फवारा घाईघाईने हुकाला अडकवला. काकांच्या खोलीत पंप गप्प होता. त्यांनी भिंतीला कान लावून ठेवला होता.

मॅडमना सांगायला मावशी ऑफिसात गेली ती ओल्या बाह्यांनीच. तिने आधी स्वतःचं सांगितलं, चाव्या मी उघड्या ठेवत होते. मग उंचवट्याचं, मग उलट्या बाणाचं. मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्या उठून न्हाणीत आल्या, गरम पाण्याखाली हात धरला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग म्हणाल्या, "बैठकीला तुम्ही माझ्याबरोबर यायचं. मला यातलं काही सांगता येणार नाही."

बैठकीत समितीच्या पाच माणसांपुढे मावशी उभी राहिली. सोलर जुना झालाय असं सोलरवाल्याने लिहून दिलेलं पत्र टेबलावर होतं. ती म्हणाली, पत्र राहू द्या, गच्चीवर चला. दोघं गेले, तिघांचे गुडघे दुखत होते. जे गेले त्यांनी पाइपाला हात लावला, आणि सोलर काढायचा विषय तिथेच संपला. उलट असं ठरलं की पाइपांवर पुन्हा आवरण चढवायचं आणि गच्चीवर किंवा नळांचं कुठलंही काम झालं की मावशीने तपासल्याशिवाय ते पुरं झालं असं धरायचं नाही. एक जण गमतीने म्हणाले, आमचं घरचंही बघा. ती गंभीरपणे म्हणाली, रविवारी मोकळी असते.

टायपिस्ट आजी मात्र लगेच तयार झाल्या नाहीत. एकदा आशा दाखवून गार पाणी दिलं होतं, ते त्या विसरल्या नव्हत्या. मावशीने समजावलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने फक्त त्यांच्या दारासमोरच्या न्हाणीत गरम नळ सोडून बादली भरली आणि दार उघडं ठेवलं. वाफ बाहेर व्हरांड्यात आली. आजी चष्मा लावून वाचत होत्या, चष्म्यावर धुकं धरलं. त्यांनी तो काढला, पुसला, पुन्हा लावला. तिसऱ्या वेळेला पुस्तक बंद करून त्या उठल्या.

अंघोळीला त्या दिवशी पाऊण तास लागला. मावशीने आधी पायांवर पाणी घातलं, मग गुडघ्यांवर, मग पाठीवर. आजींनी डोळे मिटून घेतले होते. केस धुवून झाल्यावर त्या म्हणाल्या, "अजून एक बादली मिळेल?"

"दहा मिळतील," मावशी म्हणाली.

दुपारच्या जेवणाला आजी इस्त्रीचं पातळ नेसून सगळ्यांच्या मध्ये येऊन बसल्या, आणि भाजीत मीठ कमी असल्याची पहिली तक्रार त्यांनीच केली.